पाच वर्षांचा खंड रिक्रूटरला पहिल्याच संदेशात सांगावा का?

कोथरूडकर_टेस्टर: मी २०१४ ते जून २०१९ या काळात हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. त्यानंतर सासऱ्यांचे आजारपण आणि लहान मूल यांमुळे २०२४ च्या अखेरीपर्यंत नोकरी केली नाही. आता खराडीतील एका जागेसाठी तेथील रिक्रूटरला लिंक्डइनवर लिहायचे आहे. माझा मसुदा असा आहे: ‘नमस्कार, मी २०१४ पासून टेस्टिंग क्षेत्रात आहे. काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे मला मध्यंतरी काम थांबवावे लागले, त्याबद्दल क्षमस्व. संधी दिल्यास मी स्वतःला सिद्ध करीन.’ खंडाचा उल्लेख ठेवू की काढून टाकू?

बाणेरचा_वाचक: काढून टाका. पहिल्या संदेशाचे काम एवढेच असते की समोरच्याने रेझ्युमे उघडावा. तारखा रेझ्युमेत आहेतच, त्या ज्याला पाहायच्या आहेत तो पाहील. आपण होऊन उणी बाजू दाखवणे हे निदान नोकरीच्या बाजारात तरी शहाणपणाचे नाही, आणि फोनवर बोलताना हीच गोष्ट कितीतरी सहजपणे सांगता येते.

भरती_विभागातून: मी पुण्यातील आयटी कंपन्यांसाठी बरीच वर्षे भरती करतो आहे आणि वरील मताशी असहमत आहे. रिक्रूटर निवड करत नाही, तो ज्याच्या संघात जागा आहे त्या मॅनेजरकडे उमेदवारांची यादी पाठवतो. त्या यादीत एकूण अनुभव, संबंधित अनुभव, नोटीस पिरियड, सध्याचा पगार आणि अपेक्षा असे रकाने असतात. शेवटची नोकरी २०१९ मध्ये संपलेली दिसली, की मॅनेजरचा पहिला प्रश्न ‘त्यानंतर काय?’ हाच असतो आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ असावे लागते. ते संदेशातच मिळाले तर मी तेच वाक्य जसेच्या तसे पुढे पाठवतो. मिळाले नाही तर विचारण्यासाठी फोन करावा लागतो, आणि एका जागेसाठी शेकडो रेझ्युमे आलेले असताना तो फोन बहुधा होत नाही. म्हणजे ‘फोनवर सांगू’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना फोनच येत नाही.

मात्र आपला मसुदा आहे तसा पाठवू नये. ‘२०१४ पासून या क्षेत्रात’ असे लिहिल्यावर वाचणारा दहा वर्षांचा अनुभव धरतो, रेझ्युमेत पाच निघतात, आणि मग खंडापेक्षा ही तफावतच अधिक खटकते. ‘अपरिहार्य वैयक्तिक कारणे’ या शब्दांत आजारपणापासून कंपनीने काढून टाकण्यापर्यंत काहीही बसते, त्यामुळे शंका मिटण्याऐवजी वाढते. क्षमा तर मागूच नये, कारण त्यात माझ्या उपयोगाचे काहीच नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती अडचण आता संपली आहे की नाही, हे मसुद्यात कोठेच नाही.

पेठेतला_माजी_परीक्षार्थी: माझी चार वर्षे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या तयारीत गेली. मी ते स्पष्ट लिहिले, तर एका रिक्रूटरने उलट विचारले की पुढची जाहिरात आली तर आपण नोकरी सोडणार नाही कशावरून? तेव्हा खरे कारण सांगूनही नुकसान होऊ शकते, हे लक्षात घ्यावे.

भरती_विभागातून: पुण्यात हा प्रश्न प्रत्येक परीक्षार्थ्याला विचारला जातो. वयोमर्यादा ओलांडली असेल किंवा परीक्षा न देण्याचे पक्के ठरले असेल, तर ‘आता परीक्षा देणार नाही’ एवढे पुढे जोडावे. तसे ठरले नसेल तर त्यांची शंका रास्त आहे आणि तिच्यावर शब्दांचा इलाज नाही.

हडपसरचा_सल्लागार: एवढे कशाला? त्या काळात फ्रीलान्सिंग केले असे लिहून मोकळे व्हावे. माझ्या माहितीतल्या अनेकांनी तेच केले आहे. पीएफ खात्यात फ्रीलान्सिंग दिसत नाही, त्यामुळे कोणालाही कळत नाही.

जुनी_क्यूए: पीएफबद्दलचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. खोटी नोकरी दाखवली तर यूएएन खात्यातील नोंदींवरून ती उघड होते आणि फ्रीलान्सिंग तिथे दिसत नाही, हे खरे. परंतु बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी संस्था मग बिले, ग्राहकांचे पत्र, बँकेतील जमा किंवा प्राप्तिकर विवरणपत्र मागू शकते. ऑफर हातात आल्यावर, किंवा रुजू झाल्यावरसुद्धा, त्या कारणाने बाहेर जावे लागणे हे प्रामाणिक खंडापेक्षा फार महागात पडते. ज्यांनी खरोखर कामे केली आहेत त्यांनी अवश्य लिहावे. या ताईंनी केलेली नाहीत.

माझा आक्षेप वेगळा आहे. स्त्रीने ‘घरची जबाबदारी’ असे लिहिले, की मूल केवढे आहे, सुट्ट्या किती लागतील, हा हिशोब समोरच्याच्या मनात सुरू होतो. पुरुषाने तेच लिहिले तर त्याचे कौतुक होते. म्हणून तारखा लिहाव्यात, पण कारण अजिबात लिहू नये, असे माझे मत आहे.

भरती_विभागातून: असा हिशोब होतो, हे मी नाकारत नाही. पण कारण वगळले तर वाचणारा ते स्वतःच कल्पतो, आणि ती कल्पना बहुधा अधिक वाईट असते. माझ्या मते दोन शब्द पुरेत. सासऱ्यांचा आजार, मुलाचे वय यांतले काहीही लिहू नये. प्रत्यक्ष संदेश इंग्रजीत जाईल, पण त्याची घडण साधारण अशी असावी:

‘नमस्कार. आपल्या खराडी कार्यालयातील ऑटोमेशन टेस्टरच्या जागेसाठी लिहीत आहे. सेलेनियम आणि जावा वापरून टेस्टिंगचा पाच वर्षांचा अनुभव आहे (२०१४ ते २०१९). जुलै २०१९ ते डिसेंबर २०२४ कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत नव्हते; ती जबाबदारी आता संपली आहे. अलीकडे प्लेराइट शिकून केलेल्या सराव प्रकल्पाचा दुवा सोबत आहे. लगेच रुजू होऊ शकते. रेझ्युमे जोडला आहे.’

यातला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. मोबाइलवर संदेश न उघडता जेमतेम पहिली ओळ दिसते, म्हणून तिथे जागेचे नाव हवे, खंड नव्हे. खंडाला एकच वाक्य मिळते आणि त्याच्या लगेच पुढे ताज्या कामाचा पुरावा येतो. ‘लगेच रुजू’ हे शब्दही कमी समजू नयेत; आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आढळतो, त्यामुळे घाईच्या जागेसाठी खंड असलेला उमेदवार कधी कधी याच एका रकान्यावर पुढे सरकतो. प्लेराइटचा प्रकल्प नसेल तर मात्र ते वाक्य लिहू नये. मॅनेजर दुवा उघडून पाहतात.

बाणेरचा_वाचक: हे सर्व थेट संदेशाला लागू पडेल. ओळख नसलेल्या रिक्रूटरला आधी कनेक्शनची विनंती पाठवावी लागते, आणि तिच्यासोबतच्या टिपेत फार तर ३०० अक्षरे मावतात. तिथे खंडासाठी जागा खर्च करणे मला अजूनही पटत नाही.

भरती_विभागातून: त्या टिपेपुरते आपले म्हणणे मान्य आहे. तिथे जागेचे नाव, मुख्य कौशल्य आणि ‘लगेच रुजू’ एवढेच लिहावे. मात्र प्रोफाइलमध्ये खंडाची नोंद हवी; लिंक्डइनने २०२२ पासून त्यासाठी वेगळी सोय दिली आहे. विनंती स्वीकारण्यापूर्वी रिक्रूटर प्रोफाइल पाहतोच.

जुनी_क्यूए: त्या नोंदीतही खंडाचा प्रकार निवडावा लागतो, म्हणजे कारण पुन्हा आलेच. माझे मत कायम आहे.

कोथरूडकर_टेस्टर: क्षमायाचना आणि ‘२०१४ पासून’ हे दोन्ही काढले. प्लेराइटचा प्रकल्प अर्धवट आहे, तो पूर्ण होईपर्यंत संदेश पाठवणार नाही. कारणाचे दोन शब्द ठेवायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. कदाचित एका रिक्रूटरला ठेवून आणि दुसऱ्याला वगळून पाठवीन. एक शंका मात्र राहिली: २०१९ चा पगार विचारला तर तोच आकडा सांगायचा का?

भरती_विभागातून: विचारला तर खरा आकडा वर्षासह सांगावा आणि त्याच वाक्यात आजची अपेक्षा सांगावी. पहिल्या संदेशात दोन्ही नकोत.