शब्दचर्चा : 'डिदर'ला मराठीत काय म्हणाल?

तानपुरेवाली : घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या गायकांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. प्रोजेक्ट २४ बिटचा, सीडीसाठी मास्टर १६ बिटचा. एक्स्पोर्टच्या खिडकीत 'डिदर' आणि 'नॉइज शेपिंग' अशा दोन चौकटी असतात. कोशात डिदरचा अर्थ घुटमळणे, चलबिचल होणे असा सापडला. तो इथे कसा लागतो? आणि मराठी शब्द कोणता वापरू?

हेडफोनबहाद्दर : मी 'झाकखरखर' म्हणेन. बिट कमी करताना जी घाण होते, ती झाकायला वरून थोडी खरखर ओततात. विषय संपला.

खिळेजुळारी : फोटोबद्दलच विचारताय ना? आमच्या छापखान्यात शाई एकच, काळी. राखाडी दाखवायचा तर ठिपके लहानमोठे करायचे, लांबून बघणाऱ्याला राखाडी दिसतो. 'ठिपके पाडणे' म्हणा.

मिक्सवाला : काका, विचारणं आवाजाबद्दल आहे, पण नातं अगदी जवळचं काढलंत. खरखर ओततात हेही खरं. मात्र 'झाकायला' नाही, तिथे गफलत होते.

१६ बिटमध्ये आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या. समजा २४ बिटमधली एक किंमत या पायऱ्यांच्या हिशेबात ३.३ आली. नुसतं पूर्णांकात आणलं तर ती दर वेळी ३ होणार, उरलेला ०.३ कायमचा गेला. आता पूर्णांक करण्याआधी तिच्यात एक यादृच्छिक आकडा मिसळा, उणे १ ते अधिक १ पायरीतला. मग उत्तर बहुतेकदा ३, बऱ्याचदा ४, क्वचित २ येतं, आणि सरासरी मात्र ३.३ राहते. म्हणजे किंमत अक्षरशः तळ्यात-मळ्यात करते. कोशातली चलबिचल ती हीच.

हा आकडा दोन फासे टाकल्यासारखा काढतात. दोन फाशांची बेरीज सातच्या आसपास जास्त वेळा येते, तसा इथे शून्याच्या आसपासचा आकडा जास्त वेळा येतो. एकाच फाशावर भागवलं तर गाण्याच्या चढउतारांबरोबर खरखरही कमीजास्त होते.

तानपुरेवाली : हे कानाला कुठे कळतं?

मिक्सवाला : तुमच्याच तानपुऱ्यात. शेवटचा फेड-आउट घ्या. स्वर एकदोन पायऱ्यांइतका बारीक झाला की डिदरशिवाय त्याची लाट चौकोनी होते, आवाज खरबरीत होतो आणि मग एकदम तुटतो. ०.४ पायरी उंचीचा स्वर तर दर वेळी शून्यच होतो. डिदर असेल तर तोच स्वर एकसारख्या सूं सूंच्या आत बुडत बुडत जातो. फक्त शेपटाचा तुकडा कापून sox या कमांड-लाइनवर चालणाऱ्या साधनाने तीन फायली करा :

```
sox -D shevat24.wav -b 16 kora.wav
sox shevat24.wav -b 16 sadha.wav dither
sox shevat24.wav -b 16 shaped.wav dither -s
```

मग तिन्ही ४० डेसिबलने वर उचलून ऐका. आख्खं गाणं उचलू नका, कान जातील.

हेडफोनबहाद्दर : झाकखरखर मागे घेतो. मग नॉइज शेपिंग म्हणजे 'रव-आकारणी'?

खिळेजुळारी : आकारणी म्हटलं की मला घरपट्टीच आठवते.

मिक्सवाला : मी 'खरखर सरकवणे' म्हणतो. साध्या डिदरने एकूण खरखर नुसत्या पूर्णांकापेक्षा ४.८ डेसिबलने वाढते. शेपिंगमध्ये आधीची चूक पुढच्या नमुन्यांत वळती करून ती खरखर २ ते ५ किलोहर्ट्झमधून काढतात, कारण तिथे कान सर्वांत तिखट. ती १५ किलोहर्ट्झच्या वर जाऊन साचते. मोजमाप घेतलंत तर एकूण खरखर आणखी वाढलेलीच दिसेल, कानाला मात्र कमी वाटेल. म्हणून 'आकार' या शब्दापेक्षा 'जागा' महत्त्वाची.

हार्मोनियमदादा : माझा किस्सा. लिमिटरमध्ये डिदर चालू, एक्स्पोर्टमध्येही चालू, आणि वर १६ बिटची फाइल पुन्हा उघडून आवाज दोन डेसिबल वाढवला. शेवट घाण वाजला. म्हटलं डिदर बेकार.

मिक्सवाला : दादा, डिदर बेकार नव्हता, क्रम चुकला. सॅम्पल रेट बदलणं, फेड, आवाज वाढवणं सगळं आधी, डिदर अगदी शेवटी आणि एकदाच. त्यानंतर आवाज हलवलात की पुन्हा पूर्णांक करणं आलं.

हेडफोनबहाद्दर : पण खोलीत पंखा चालू असताना रेकॉर्ड केलेल्या गाण्याला हे कशाला? पंखाच डिदर करतोय.

मिक्सवाला : पंखा फेडबरोबर खाली जात नसेल तर मुद्दा बरोबर आहे. फेड केलात की तोही जातो. तरी मी सवयीने साधा डिदर लावतोच. शेपिंग मात्र फाइलवर पुढे कोणी हात लावणार नाही याची खात्री असेल तरच.

तानपुरेवाली : टिपणात 'डिदर' तसाच ठेवते, समजावताना तळ्यात-मळ्यात. 'खरखर सरकवणे' मात्र उचलला.

खिळेजुळारी : 'खरखर' नको हो, ती रेडिओची. ही तर सूं सूं आहे.