छाप्याचा ‘हो’ म्हणायलाही लोक कचरतात

> नाणं उडवल्यावर खोटं बोलायचं कारणच उरत नाही, मग आकडा चुकेल कसा?

कारण उरतं, आणि तेही निर्दोष माणसाला! ‘लाच दिली का?’ असा नाजूक प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणात उत्तर देणारा आधी कुणाला न दाखवता नाणं उडवतो. छापा पडला की ‘हो’ म्हणायचं, काटा पडला की खरं सांगायचं, असा नियम असतो, म्हणजे कुणाचं ‘हो’ खरं ते कळत नाही. पण ज्याने कधी लाच दिलीच नाही, त्याला निव्वळ छाप्यापायी ‘हो, दिली’ म्हणणं जिवावर येतं. तो गुपचूप ‘नाही’ म्हणतो.

समजा ४०० जणांत २३० ‘हो’ आले. त्यातले साधारण २०० छाप्याचे, उरलेले ३० काटा पडलेल्या २०० जणांतले, म्हणजे १५ टक्के. आता छापावाल्यांपैकी फक्त २० जण कचरले तर ‘हो’ २१० वर येतात आणि अंदाज थेट ५ टक्क्यांवर घसरतो. ‘हो’ निम्म्याहून बरेच खाली गेले तर गडबड लगेच कळते, पण २१० हा आकडा दिसायला अगदी सभ्य असतो.

म्हणून मला २००८ साली मांडलेली जोड-प्रश्नांची पद्धत जास्त पटते. ‘आईचा जन्म जानेवारी ते मार्चमधला आहे का?’ आणि ‘लाच दिली का?’ या दोन्हींची उत्तरं सारखी की वेगळी, एवढंच सांगायचं. तिथे लपायला सोयीचं ‘नाही’च नसतं. मात्र घाईत काहीही ठोकणारे तिथे अंदाज उलट फुगवतात.