मदत हवी आहे: मेंटेनन्सचं शून्याधारित बजेट, पॅकेजची क्रमवारी भलतीच येतेय

लूमशेड_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मी मेंटेनन्स बघतो. आजवर गेल्या वर्षीच्या खर्चावर आठ-दहा टक्के चढवायचे आणि बजेट द्यायचं, असं चालत होतं. यंदा नवीन फायनान्स मॅनेजर आलेत. ते म्हणतात, गेलं वर्ष विसरा, शून्यापासून मांडा. प्रत्येक कामाचं डिसिजन पॅकेज करा, म्हणजे त्या कामाचा खर्च आणि फायदा वेगळा मांडा, मग फायदा भागिले खर्च काढा आणि उतरत्या क्रमाने लावा. तसं केलं. सगळ्यात वर एलईडी दिवे आले आणि सगळ्यात खाली बॉयलरची वार्षिक तपासणी. हा कागद मालकांपुढे कसा ठेवू? शनिवारी द्यायचाय. सूत्रात काय गडबड आहे, लवकर सांगा.

बार्शीचा_शेतकरी
झिरो बजेट आम्ही करतो, जमतं, घाबरू नका. देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात कालवा, जीवामृत तयार. बाहेरून खत-औषध आणायचंच नाही, खर्च आपोआप उतरतो. पाळेकर गुरुजींचं शिबिर एकदा करा.

लूमशेड_सोलापूर
दादा, मी कारखान्याच्या खर्चाबद्दल विचारतोय. शेतीचा नंतर वेगळा धागा काढू.

एमबीए_कोथरूड
सूत्र बरोबरच आहे. फायदा भागिले खर्च, मोठ्यातून लहानाकडे, आणि पैसे संपतील तिथे रेघ. रेघेखालचं सगळं बाद. बॉयलर खाली आला असेल तर त्याचा फायदा कमी धरलाय. आकडा वाढवा, वर येईल.

कॉस्टिंग_ताई
आकडा वाढवून वर आणायचा असेल तर क्रमवारी लावायचीच कशाला? बॉयलरची तपासणी या शर्यतीत धरायची नसते. प्रमाणपत्राची मुदत संपली की बॉयलर कायद्याने पेटवता येत नाही, म्हणजे डाईंग बंद. न करण्याचा पर्यायच जिथे नाही, ते काम रेघेच्या वर आधीच बाजूला काढायचं आणि उरलेल्या पैशांत बाकीच्यांची क्रमवारी लावायची.

लूमशेड, एवढ्यावर पुढे सांगता येणार नाही. मर्यादा किती दिली आहे? माग किती, कुठले? आणि प्रतिबंधक देखभालीचं पॅकेज एकच केलंय की टप्प्यांनी?

लूमशेड_सोलापूर
मर्यादा ३२ लाख. २४ रेपिअर टेरी माग, डाईंग, बॉयलर, कॉम्प्रेसर. देखभालीचं पॅकेज एकच आहे, फिटर, तेल-ग्रीस, बाहेरचं ओव्हरहॉल सगळं धरून २३ लाख. फायदा लावलाय तो माग बंद पडण्याचे तास गुणिले तासाचा माल. माग तासाला साधारण सहा किलो विणतो, भाव ४५० धरला, म्हणजे तासाला २,७०० रुपये.

पूर्वभाग_यंत्रमाग
मालक, एवढा हिशोब कशाला? आमच्याकडे आठ माग आहेत. चांगला जॉबर असला की निम्मी मेंटेनन्स तिथंच झाली. तो आवाजावरून सांगतो कुठलं बेअरिंग जाणार. त्याला दोन हजार पगार जास्त द्या, हे कागद नकोत.

कॉस्टिंग_ताई
अण्णा, जॉबरचं मोल मान्य. पण त्याचे दोन हजार कुठून काढायचे, हेच तर यांना ठरवायचंय.

लूमशेड, २३ लाखांचं एकच गाठोडं केलंत, म्हणून तुलना बिघडली. ते तीन टप्प्यांत सोडवा. पहिला टप्पा, किमान: पाळीला मोजके फिटर, माग बंद पडला की चालू करायचा, बस. दुसरा: ठरलेल्या वेळी तेलपाणी, ग्रीसिंग, बेल्ट आणि नट-बोल्ट तपासणी, त्यासाठी लागणारा जादा खर्च. तिसरा: बाहेरच्या लोकांकडून ओव्हरहॉल, त्याचा आणखी जादा खर्च. प्रत्येक टप्प्यापुढे फक्त त्या टप्प्याचा जादा खर्च आणि त्यानेच मिळणारा जादा फायदा लिहायचा. पहिल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, एवढं बंधन पाळायचं.

दुसरी गोष्ट, तासाला २,७०० हा विक्रीचा आकडा आहे. माग बंद असताना सूतही खर्च होत नाही, रंग-रसायनही नाही. किलोमागे ते वजा करून हातात काय राहतं?

लूमशेड_सोलापूर
फायनान्सला विचारलं. सूत, डाईंग, वीज, पॅकिंग काढून किलोला ११० राहतात. म्हणजे तासाला ६६०. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

टप्पे केले. किमान १४ लाख. दुसऱ्या टप्प्याला जादा ५ लाख, त्याने वर्षाला १,६०० तास वाचतील. तिसऱ्याला जादा ४ लाख, त्याने आणखी ४५० तास.

कॉस्टिंग_ताई
मग दुसऱ्या टप्प्याचा फायदा १०.५६ लाख, प्रमाण २.१. तिसऱ्याचा २.९७ लाख, खर्च ४. एक रुपया टाकून पाऊण रुपयाही सुटत नाही, म्हणजे पैसे उरले तरी तो घ्यायचा नाही. तुमच्या जुन्या २,७०० च्या दराने हेच ओव्हरहॉल तिप्पट फायद्याचं दिसलं असतं.

मात्र ६६० सुद्धा तेव्हाच खरे, जेव्हा ऑर्डर भरलेल्या असतात आणि गेलेला तास परत मिळत नाही. मंदीत माग असेही रिकामे असतील तर बंद तासाचा तोटा फक्त ओव्हरटाइमपुरता. हे पॅकेजवर गृहीतक म्हणून लिहूनच ठेवा.

सेवानिवृत्त_जिपकर
मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात होतो. आपल्या राज्य सरकारने १९८६ साली शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला, तेव्हाचं आठवतं. मूळ पद्धत अमेरिकेतली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पिअर यांनी बसवलेली. पुढे जिमी कार्टर यांनी जॉर्जियात आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर केंद्रात आणली. १९८१ मध्ये रेगन सरकारने ती बंद केली. कागद फार वाढले होते.

एक डाव सांगून ठेवतो. विभागप्रमुख आपलं सर्वांत अडणारं काम मुद्दाम तळाला टाकतो. वरच्यांना ते तोडता येत नाही, म्हणून रेघच खाली सरकवावी लागते आणि मधली फालतू कामं आपोआप मंजूर होतात. लूमशेड, बॉयलर तळाशी बघून तुमच्या मालकांना हाच संशय येईल. म्हणून क्रमवारी एकट्याने लावू नका. उत्पादन आणि फायनान्सच्या माणसांना घेऊन बसा.

एमबीए_कोथरूड
काका, इतिहास ठीक आहे, पण प्रश्न गणिताचा आहे. आता बॉयलर काढला, टप्पे केले. पुढे माझंच सूत्र ना?

कॉस्टिंग_ताई
रेघेपासून लांब असेपर्यंत हो. रेघेजवळ आलं की नाही. लूमशेड, बाकीची पॅकेजेस टाका, दाखवते.

लूमशेड_सोलापूर
बॉयलर, प्रेशर व्हेसल, आगीची यंत्रणा, अर्थिंग मिळून ७ लाख. किमान फिटर १४. म्हणजे २१ गेले, ११ उरले. बाकी अशी:
एलईडी: खर्च ०.८, फायदा २.४.
हवेची गळती काढणे: १.५, फायदा ४.५.
माग देखभाल दुसरा टप्पा: ५, फायदा १०.५६.
डाईंगचे स्टीम ट्रॅप आणि कंडेन्सेट परत आणायची लाइन: ४.५, फायदा ७.६५.
सुट्या भागांचा साठा: ६ लाख, ९०० तास वाचतात.

चिंचोळी_युटिलिटी
गळतीचा ४.५ लाखांचा आकडा कुठून आला? सगळे तो अंदाजाने फेकतात. सात बारला तीन मिलिमीटरचं भोक तीन-चार किलोवॅट खातं, हे खरं. वर्षाला सात हजार तास आणि युनिटला नऊ रुपये धरले तर तशी दोन भोकं म्हणजे तुमचा आकडा. पण मोजलंत का? गड्ड्याच्या जत्रेत शेड बंद असते तेव्हा हवा वापरणारं सगळं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ लावा. वापर शून्य असताना तो जितका वेळ लोडवर जातो तितकी गळती. दहा मिनिटांत चार मिनिटं लोडवर असेल तर कॉम्प्रेसरची चाळीस टक्के हवा वाया चाललीये. जत्रा लांब असेल तर साप्ताहिक सुट्टीला करा.

लूमशेड_सोलापूर
मागच्या सुट्टीला केलं होतं. दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं लोडवर. बहुतेक गळती मागाजवळच्या पाइपच्या क्लिपांना आहे, साबणाचं पाणी लावलं की फेस येतो.

चिंचोळी_युटिलिटी
मग आकडा टिकेल. तो कागद पॅकेजला जोडा.

कॉस्टिंग_ताई
आता बघा. एलईडी, गळती आणि दुसरा टप्पा मिळून ७.३ लाख. ११ पैकी ३.७ उरले. पुढचं वाफेचं पॅकेज ४.५ चं, ते बसत नाही. एमबीए, तुमच्या रेघेने ते अख्खं बाद झालं. पण ते फुटतं का, हे आधी विचारायचं. लूमशेड, नुसते ट्रॅप बदलले तर?

लूमशेड_सोलापूर
ट्रॅप २ लाखांत होतात, फायदा ४.२. लाइनला उरलेले अडीच, तिचा फायदा ३.४५.

कॉस्टिंग_ताई
ट्रॅपचं प्रमाण २.१, ते आत बसले. लाइनचं १.४ च्या आसपास, ती पुढच्या वर्षी. एकत्र ठेवलं असतं तर चांगलं काम वाईट कामाबरोबर बुडालं असतं. एकूण ९.३, शिल्लक १.७.

साठ्याच्या ९०० तासांकडे नीट बघा. यातले किती तास देखभालीच्या १,६०० मध्ये आधीच मोजलेत? वेळेवर ग्रीसिंग झालं तर रेपिअर हेड कमी तुटणार. दोन पॅकेजेस एकाच तासावर हक्क सांगत असतील तर जे वर आहे ते तो तास घेतं, खालच्याचा फायदा नव्याने काढावा लागतो.

लूमशेड_सोलापूर
जॉबरबरोबर रजिस्टर काढून बसलो. ५०० तास दोन्हीकडे आहेत. साठ्याचे फक्त ४०० राहतात. २.६४ लाख फायदा, ६ लाख खर्च. गेला.

चिंचोळी_युटिलिटी
गेला कसा? साठा हा खर्च नाही, माल गोदामात पडलेला राहतो. वर्षाचं व्याज धरा, १२ टक्क्यांनी ७२ हजार. त्याच्यापुढे २.६४ लाख म्हणजे एलईडीपेक्षा भारी.

एमबीए_कोथरूड
पण रोख तर सहा लाखच जाणार ना? मालकांची मर्यादा रोखीची आहे.

कॉस्टिंग_ताई
दोघांचंही अर्धं पटतं. पडून जुनी होणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं व्याजाच्या हिशोबात बसत नाहीत, रेपिअर हेड बसतात. ३२ लाख खर्चाचे की रोखीचे, हे फायनान्सलाच विचारा. त्यावर मी इथून बोलणार नाही.

पूर्वभाग_यंत्रमाग
बघा, शेवटी जॉबरलाच विचारावं लागलं.

लूमशेड_सोलापूर
खरंय अण्णा. अजून एक अडचण आहे. प्रॉडक्शन मॅनेजरना १,६०० तास मान्य नाहीत, निम्मे म्हणतात. ८०० धरले तर फायदा ५.२८ लाख, प्रमाण १ च्या जरा वर. ट्रॅप आणि लाइन दोन्ही त्याच्या वर जातील.

सेवानिवृत्त_जिपकर
त्यांना बैठकीत घ्या म्हटलं होतं ते यासाठीच. रजिस्टरमधले बीम बदलीचे आणि सूत तुटल्याचे तास १,६०० मध्ये शिरलेत का, ते एकदा दोघांनी मिळून बघा. तसे असतील तर त्यांचं खरं आहे.

लूमशेड_सोलापूर
बीम बदली वेगळी आहे. सूत तुटल्याचं तिसऱ्या पाळीत ‘मेकॅनिकल’ म्हणूनच लिहितात. उद्या सकाळी दोघं मिळून गेल्या तीन महिन्यांची पानं काढतो आणि जो आकडा निघेल तो इथे टाकतो.