वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो वाचण्यासाठी मदत हवी

अनघा: माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांची सोमवारी अँजिओप्लास्टी झाली आणि गुरुवारी, १२ तारखेला, त्यांना घरी सोडले. मी पुण्यात आहे, ते आईजवळ साताऱ्याला आहेत. भावाने कार्डाचा जो फोटो पाठवला आहे, त्याची उजवी कडा कापली गेली आहे. निदानात ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’ आणि खाली ‘सीए’ एवढेच दिसते. हा कर्करोग तर नाही ना? घरी ते अॅस्पिरिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल व मेटफॉर्मिन घेत होते. नव्या यादीत अॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि अॅटोर्व्हास्टॅटिन ४० स्वतंत्र लिहिले आहेत, मेटफॉर्मिन मात्र नाही. आई दोन्ही डबे समोर ठेवून बसली आहे.

विनायक: नव्या यादीत जे नाही, ते बंद झाले असेच समजावे. माझ्या काकांच्या वेळी तसेच होते.

सुलभा (हृदयरोग वॉर्डात परिचारिका): अनघा, ‘के/सी/ओ’ म्हणजे आजार आधीपासून माहीत असलेला, इथे मधुमेह आणि रक्तदाब. ‘सीए’च्या पुढे बहुधा ‘जी’ कापला गेला असावा. ‘सीएजी’ म्हणजे अँजिओग्राफी. तरी अंदाजावर थांबू नका, कार्ड टेबलावर सपाट ठेवून उजेडात प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो मागवा, कारण औषध किती दिवस घ्यायचे हा रकाना बहुतेक उजव्या कडेलाच असतो.

जुनी कॅप्सूल आज डब्यातून बाजूला काढा. ती नव्या गोळ्यांसोबत दिली, तर अॅस्पिरिन दुप्पट जाईल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल. नव्या यादीतील अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल मात्र विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

विनायकरावांचे म्हणणे कॅप्सूलबाबत बरोबर ठरते, मेटफॉर्मिनबाबत तसे गृहीत धरता येत नाही. अँजिओग्राफीत दिलेल्या औषधामुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून मेटफॉर्मिन काही वेळा तात्पुरते थांबवतात आणि रक्तातील क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. थांबवले की लिहायचे राहिले, हे रुग्णालयच सांगेल.

मंदार: विम्याच्या दाव्यासाठी मूळ कार्ड लागू शकते, हे लक्षात ठेवा.

अनघा: मंदार, दावा आम्ही नंतर पाहू. नवा फोटो आला, तो ‘सीएजी’च आहे, वाचून आईला रडू आवरेना. रुग्णालयात फोन केला, तेव्हा मेटफॉर्मिन क्रिएटिनिनचा अहवाल पाहूनच सुरू करायचे, तोवर रोज साखर तपासून कळवायची, असे सांगितले. आता एक अडचण उरली आहे. कार्डावर ‘सात दिवसांनी, क्रिएटिनिनसह’ असे छापले आहे, म्हणजे १९ तारीख; शिक्क्यावर हाताने २३ लिहिले आहे.

सुलभा: १९ आणि २३ यांपैकी कोणती खरी, हे ओपीडीत विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही. रक्त मात्र १८ लाच द्या, म्हणजे भेट १९ ला ठरली तरी अहवाल हातात असेल.