मदत हवी आहे : स्टँडबाय भत्ता आणि प्रवासाचा वेळ

सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात रेफ्रिजरेशन मेकॅनिक आहे. आठवड्यातून दोन रात्री, दहा ते सहा, मला घरी राहून फोनवर उपलब्ध असावे लागते. माझा ताशी दर १२० रुपये आहे. नुसत्या उपलब्धतेसाठी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३० रुपये, आणि बोलावणे आल्यास प्रत्यक्ष कामाला पूर्ण दर, असे पत्रात लिहिले आहे. प्रवासाचा उल्लेख मात्र कुठेच नाही, आणि तंटा तिथेच आहे.

मागच्या आठवड्यात कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून रात्री एक वाजता फोन आला. भर पावसात घाटीचा रस्ता उतरून मी १.४० ला पोहोचलो, ३.१० ला काम संपवले आणि ३.५० ला घरी परतलो. कार्यालयाने गेटवरील नोंदीप्रमाणे दीड तासाचे १८० रुपये धरले, पण स्टँडबाय मात्र एक ते ३.५० असा पूर्ण कापून उरलेल्या पाच तास दहा मिनिटांचे १५५ रुपये दिले. त्यामुळे एकूण ३३५ रुपये झाले आणि जाण्यायेण्याची ८० मिनिटे कोणत्याच दरात आली नाहीत. फोनपासून घरापर्यंतचा वेळ काम मानला असता, तर ४९५ रुपये झाले असते.

आपल्याकडे हा वेळ कसा मोजतात? तसेच दिवसपाळीचे आठ तास आधीच भरलेले असताना अशा रात्रीच्या कामाला ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागता येईल का? अनुभवी मंडळींनी, शक्य असल्यास पत्रातील नेमक्या शब्दांसह, कृपया सांगावे.