‘रात’ म्हणजे पीएम का? बोर्डाचा फोटो आणि चोवीस तासांची वेळ

राजवाडा_इंदूर: इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या बोर्डाचा फोटो काढून आणला, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला शीट करतेय, सगळ्या वेळा चोवीस तासांत हव्यात. बोर्ड हिंदीत आहे. सुबह ६.१५, ९.३०, दोपहर १२.३०, २.१५, शाम ५.४५, आणि मग रात ८.३०, १०.१५, १२.३०, १.१५. ‘रात’ एकदाच लिहिलंय, खालच्या तिघांपुढे काहीच नाही. मी दोपहर, शाम आणि रात या सगळ्यांत १२ मिळवले तर दोन ठिकाणी २४:३० आलं आणि शेवटची गाडी चक्क १३:१५ ला, म्हणजे जेवायच्या वेळेला! ‘रात’ला मराठीत ‘रात्री’च म्हणायचं ना, मग चुकतंय कुठे?

भाऊ_हिशोबी: सोप्पंय ताई, एएम तसंच ठेवायचं आणि पीएमला १२ मिळवायचे. फक्त बाराला हात नाही लावायचा.

लष्करवाले_काका: भाऊ, अर्धंच सांगितलंत. दुपारच्या बाराला हात लावायचा नाही हे खरं, पण रात्रीच्या बारातून १२ वजा करावे लागतात, ते ००:३० होतं. आणि मुळात घोळ शब्दाचा आहे. एएम-पीएमची रेघ दुपारी बाराला आणि रात्री बाराला पडते, आपली ‘रात्र’ ती रेघ ओलांडून सरळ पुढे जाते. रात्री नऊ म्हणजे २१:००, रात्री एक म्हणजे ०१:००, शब्द तोच. आपल्याकडे ‘उत्तररात्र’ आहे मध्यरात्रीनंतरच्या वेळेला, पण बोर्डावर कोण लिहितंय!

बडोद्याची_सून: आमच्याकडे मांडवीतल्या सासूबाई पहाट तीनपासूनच धरतात, आणि माहेरी पुण्याला चारच्या आधी पहाट म्हटलं तर हसतात. पहाटे अडीच म्हणायचं का रात्री अडीच?

लष्करवाले_काका: म्हणा काही, दोन्हींचं ०२:३०च होतं, म्हणून तो वाद इथे आड येत नाही. आड येते ती ‘रात’. ताई, एका कॉलममध्ये शब्द, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात मिनिटं असं फोडा, ‘रात’ खालच्या तिन्ही ओळींत स्वतः टाइप करा, मग तासासाठी हे लावा:

```
=MOD(B2,12)+IF(OR(A2="दोपहर",A2="शाम",AND(A2="रात",MOD(B2,12)>=7)),12,0)
```

यात बाराचा आधी शून्य होतो, मग दिवसाच्या अर्ध्याप्रमाणे १२ मिळतात किंवा नाही मिळत. दुपारी १२.३० चं १२:३०, रात्रीच्या १२.३० चं ००:३०, १.१५ चं ०१:१५, आणि ८.३० चं २०:३०. सातची मर्यादा मी अंदाजाने घातलीय, कारण रात्री सातच्या आधी कोणी ‘रात्र’ म्हणत नाही. कोणी ‘दोपहर ११.३०’ लिहिलं तर मात्र हे फसेल, २३:३० दाखवेल.

राजवाडा_इंदूर: अरे वा, बसलं! पण सुरुवातीला वेळ एकाच कॉलममध्ये टाकली होती तर ९.३० चं ९.३ झालं होतं, ते काय होतं?

लष्करवाले_काका: शीटला तो टिंब दशांशचिन्ह वाटतो, शेवटचा शून्य गळतो. मग ते नऊ-तीस होतं की नऊ-तीन हे शीट बघून सांगता येत नाही, परत फोटोच बघावा लागतो. कॉलम आधीच साधा मजकूर करून मग टाइप करा. आणि झाल्यावर बोर्डाच्या क्रमाने खाली वाचत या, प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा मोठी हवी, फक्त एकदाच खाली पडायला हवी, ती मध्यरात्री. तुमच्या यादीत २२:१५ नंतर ००:३०, एकदाच. दुसरी कुठे पडली तर तिथे एक तर शब्द चुकला किंवा फोटोत १ चा ७ वाचला.

भाऊ_हिशोबी: मग ००:३० ची गाडी शनिवारी लिहायची की रविवारी? गेल्या वर्षी आमच्या मेहुण्याने १५ तारखेचं ००:१० चं ट्रेनचं तिकीट काढलं आणि १५ ला रात्री जेवून निघाला, गाडी आदल्याच रात्री गेलेली.

बडोद्याची_सून: पंचांगात तर वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून माझ्या सासूबाईंना ती शनिवारचीच.

लष्करवाले_काका: सासूबाई एकट्या नाहीत हो. बसच्या वेळा अ‍ॅपला पुरवायच्या GTFS फाइलींत शनिवारच्या फेरीतली ती वेळ 24:30:00 लिहितात, म्हणजे दिवस शनिवारचाच राहतो आणि क्रमही बिघडत नाही. पण तिथे दुपारचं १२.३० हे 12:30:00च असतं, २४ चा आकडा फक्त रात्रीलाच.

राजवाडा_इंदूर: ग्रुपवर २४:३० टाकलं तर लोक मलाच फोन करतील की घड्याळ कुठलं आणलंय. मी ‘शनिवारच्या रात्री, ००:३० (रवि.)’ असं लिहितेय.

भाऊ_हिशोबी: ‘शनिवारच्या रात्री’ पण आणि ‘रवि.’ पण? मेहुणा हे वाचून दोन्ही दिवशी जाईल.