मदत हवी आहे: प्लास्टिकचा जबडा लख्ख घासतात, स्वतःच्या दाढा मात्र तशाच

बालवाडीबाई_खानापूर

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावात बालवाडी चालवते. 3 ते 6 वयाची 22 मुलं आहेत. बेळगावातून उघडमीट होणारा मोठा प्लास्टिकचा जबडा आणलाय. त्यावर फळ्याच्या मार्करने काळे ठिपके काढते, मुलं ब्रशने पुसतात. खेळ त्यांना फार आवडतो, नंबर लावून बसतात.

पण काल जेवणानंतर एकेकाचं तोंड उघडून बघितलं. जबडा सगळ्यात छान घासणाऱ्या मुलीच्या खालच्या दाढांत सकाळच्या बिस्किटाचा लगदा तसाच होता. तिला ब्रश दिला तर पुढच्या चार दातांवर दोनदा फिरवला आणि "झालं बाई" म्हणाली. माझं कुठं चुकतंय? आणि मुलं विचारतात, "बाई, याला एवढे दात कसे? आमचे नाहीत एवढे." याला काय सांगू?

निपाणीकर_सून

आमच्यात पण दातांचंच चाललंय बघा. सासूबाई रोज मशेरी लावतात, आणि चार वर्षांचा नातू शेजारी बसून डबीत बोट घालतो. आजी करते तेच खरं म्हणतो. त्याला कसं थांबवू, कुणी सांगा की.

आप्पा_येळ्ळूर

बाई, बीट खायला द्या. दातावर लाल राहील तिथं घाण. आणि मुलांना त्यांचं त्यांना घासू दे, सवय आपोआप लागते.

दंतवैद्य_बेळगाव

बाई, ठिपका एका फटक्यात पुसला जातो, म्हणून हात एकच फटका शिकतो. मार्कर बाजूला ठेवा. बिस्कीट थोड्या पाण्यात कुस्करून तो लगदा दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत बोटानं दाबा, अर्धा तास वाळू द्या. मग ब्रश वरून नुसता सरकवला तर निघत नाही. एका जागी बारीक बारीक मागंपुढं करावं लागतं, ते मुलांना आपसूक कळतं.

दुसरं, जबडा मुलाच्या समोर ठेवू नका. समोर ठेवला की पुढचे दातच दिसतात आणि डावं-उजवं उलटतं. मांडीवर ठेवा, पुढचे दात बाहेर आणि दाढा मुलाच्या पोटाकडं. त्याच्या स्वतःच्या तोंडात तसंच असतं.

मुलांचा प्रश्न बरोबर आहे. तुमचा जबडा मोठ्या माणसाचा, 32 दातांचा. मुलांचे दुधाचे दात 20. मधोमधून प्रत्येक बाजूला पाच मोजा आणि मागचे तीन-तीन कापडानं झाका. वर-खाली मिळून 12 झाकले की 20 उरतात. सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र सहावा उघडा. ही कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागं येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल की" म्हणून सोडून देतात.

आप्पा, रंगाची कल्पना चांगली, पण बिटानं जीभ-ओठ सगळंच लाल होतं. खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब चमचाभर पाण्यात घालून कानकाडीनं दातांना लावा आणि चूळ भरायला सांगा. त्यानंतर दातावर गडद राहतो तो थर. सवयीचं पटतं, पण सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा. त्या वयात मनगट तेवढं वळत नाही.

वैनी, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. डबी आधी नातवाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आजींना ब्रश देऊन नातवाशेजारी बसवा. तिचंच बघून तो शिकणार.

बालवाडीबाई_खानापूर

आठवडाभर करून बघितलं. पहिल्या दिवशी जबडा न धुता ठेवला, सकाळी मुंग्या. आता लगेच धुते.

मांडीवर ठेवल्यानं फार फरक पडला. एका मुलानं मागची दाढ घासता घासता मध्येच थांबून स्वतःच्या गालात बोट घातलं आणि म्हणाला, "बाई, ही इथं हाय." प्रत्येक जागी दहा मोजतो, उजवीकडं मराठीत, डावीकडं ओंदु, एरडु, मूरु. आता डावी बाजू कुणी विसरत नाही.

रंग पाच जणांना लावला. चघळायची बाजू बऱ्यापैकी साफ झाली होती, पण खालच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू पाचही जणांची लालच राहिली. जबड्याला जीभ नाही, त्यामुळं तिथं ब्रश सहज जातो. तोंडात जीभ आडवी येते आणि दोघांना तर उमासा आला. याला खेळ कसा करायचा?

दंतवैद्य_बेळगाव

स्पंजची जीभ कापून जबड्यात बसवून बघा. जिभेखालून ब्रश न्यायची सवय लागेल. उमासा येणाऱ्यांना छोट्या डोक्याचा ब्रश द्या, पेस्ट वाटाण्याएवढीच. तरीही चार वर्षांच्या मुलाला ती बाजू स्वतः जमेल असं मला वाटत नाही.

आप्पा_येळ्ळूर

मग बाई, 22 जणांना शेवटचा हात फिरवणार कोण? आयांना बोलावून त्यांच्याच मांडीवर जबडा द्या की एक दिवस.

बालवाडीबाई_खानापूर

बोलावते. पण बहुतेक जणी आठला शेतावर जातात. त्याआधी बालवाडी उघडायची म्हणजे साडेसातला यावं लागेल. शनिवारी बघते किती येतात.